मोटार हळू, पंखा जोरात : इन्व्हर्टरवरच्या मोटारीला वेगळा ब्लोअर कधी लागतो?



ऊस घेऊन आलेले सभासद गव्हाणीजवळ थांबतात, तेव्हा त्यांतला एखादा जाणकार हमखास एक प्रश्न विचारतो. “साहेब, या केन कॅरिअरच्या मोटारीच्या पाठीवर ही दुसरी छोटी मोटार कशाला बसवलीय? एकीनं भागत न्हाई का?” मी शेतीचा माणूस. बरीच वर्षे मीही “ती तिची पंख्याची मोटार आहे” एवढेच सांगून पुढे जात असे. तो पंखा वेगळा का, हे मी कधी विचारले नव्हते. आपल्याच एका सभासदाच्या गुऱ्हाळावर एका हंगामात एकच मोटार दोनदा जळाली, तेव्हा ते शिकावे लागले. ज्यांच्याकडे गुऱ्हाळ आहे आणि त्यावर इन्व्हर्टर, म्हणजेच व्हीएफडी किंवा ड्राइव्ह, बसवला आहे किंवा बसवायचा विचार आहे, त्यांच्यासाठी ती हकीकत येथे देत आहे.

हकीकत अशी घडली

या सभासदांना आपण अण्णा म्हणू. त्यांच्या चरकाला १५ अश्वशक्तीची, म्हणजे ११ किलोवॅटची मोटार आहे. पाटीवर वेग १४५० फेरे, दाब ४१५ व्होल्ट आणि पूर्ण भाराला २१ अँपिअर असे लिहिलेले. पूर्वी दोन काहिली चालत. त्या वर्षी एक काहील गळू लागली म्हणून बाजूला काढली. रस मात्र पूर्वीइतकाच निघायचा. मांदणात रस साठून आंबू लागला आणि गुळाला रंग येईना. चरक अधूनमधून बंद ठेवावा तर माणसे बसून राहतात. तेव्हा कुणीतरी इन्व्हर्टर सुचवला. त्याने चरक हळू चालवता येतो आणि काहिलीला जेवढा लागतो तेवढाच रस निघतो. सल्ला चांगलाच होता. इन्व्हर्टर बसला, चरक ५० हर्ट्झऐवजी १५ हर्ट्झवर, म्हणजे मोटार मिनिटाला साधारण ४३५ फेऱ्यांवर, दिवसाचे दहा-दहा तास चालू लागला.

नवव्या दिवशी मोटार जळाली. वाइंडिंग करून आणले, पुन्हा चालू केले, बाराव्या दिवशी पुन्हा धूर. तोपर्यंत तोडलेला दोन एकर ऊस वाळत पडला होता. तो कारखान्याला घ्याल का, हे विचारायला अण्णा माझ्याकडे आले, म्हणून हे प्रकरण मला कळले.

“इलेक्ट्रिशियन म्हणतोय मोटार लोडच घेत न्हाई,” अण्णा सांगत होते. “मीटर लावून दावला त्यानं. नऊ अँपिअर. एकवीसची मोटार नऊवर जळतीया कशी? आवो, पयलं पन्नास हर्ट्झला चार वरसं चालली, तवा काय झालं न्हाई. आता निम्म्यापेक्षा हळू फिरवतोय तर जळतीया!”

मी आमच्या इलेक्ट्रिक विभागाच्या फोरमनसाहेबांना सोबत घेऊन गुऱ्हाळावर गेलो.

जळालेली मोटार काय सांगते

फोरमनसाहेबांनी आधी वाइंडिंगवाल्याकडे पडलेली जुनी कॉइल पाहायला मागितली. मोटारीची एक फेज गेली आणि ती दोन फेजवर चालत राहिली, तर काही कॉइली कोळसा होतात आणि काही नव्यासारख्या राहतात. येथे तसे नव्हते. तिन्ही फेजच्या सगळ्या कॉइली सारख्याच काळवंडल्या होत्या, वार्निश सगळीकडे सारखेच करपले होते. एखादा तुकडा एकदम तडकून शॉर्ट झाल्याची खूणही नव्हती. “ही मोटार फेज जाऊन जळालेली नाही,” ते म्हणाले. “ही मंद आचेवर शिजलेली आहे.”

मग त्यांनी चरक सुरू करायला लावला आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा अण्णांना दाखवला. तेथे मोटारीकडे जाणारा करंट २० अँपिअर होता. इलेक्ट्रिशियनने मीटर लावला होता तो इन्व्हर्टरमध्ये येणाऱ्या तारेवर, आणि तेथे खरोखरच ९ अँपिअर होते. दोन्ही आकडे खरे होते. मोटार हळू फिरते तेव्हा ती काम थोडे करते, म्हणून लाइनमधून वीज थोडी येते. पण इन्व्हर्टर मोटारीला त्या वेळी व्होल्टेजही कमी देतो, म्हणून मोटारीच्या तारेत करंट मात्र पूर्ण असतो. मोटार तापते ती तिच्या स्वतःच्या तारेतल्या करंटने. तेव्हा इन्व्हर्टरवरच्या मोटारीचा भार पाहायचा तर तो इन्व्हर्टरच्या पडद्यावर पाहावा. येणाऱ्या तारेवर मीटर लावून मोटारीचा भार कळत नाही.

वेग कमी केला तरी ओढ तीच

करंट कमी का होत नाही, हे समजायला बैलाचा घाणा आठवावा. घाण्यात एका वेळी चार ऊस घातले तर बैलाला एक ठरावीक जोर लावावा लागतो. बैल रमतगमत चालला काय किंवा झपाझप चालला काय, जुवावरची ओढ तेवढीच राहते. हळू चालला तर दिवसात ऊस कमी पिळला जाईल एवढाच फरक. लाटा जेवढ्या आवळलेल्या आणि त्यांच्यामध्ये ऊस जेवढा, तेवढी ओढ. या ओढीलाच टॉर्क म्हणतात, आणि वेग बदलला तरी ज्यांची ओढ बदलत नाही अशा यंत्रांना स्थिर टॉर्कचा भार म्हणतात. चरक, आपल्या कारखान्याचा केन कॅरिअर, पट्टा कन्व्हेयर, ही सगळी याच जातीची.

मोटारीतला करंट हा मुख्यतः ओढीवर ठरतो. वेगावर तो ठरत नाही. म्हणून १५ हर्ट्झलाही २० अँपिअर. आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २० ला २१ ने भागून वर्ग केला तर साधारण ९० टक्के येतात. म्हणजे पूर्ण भाराला तारेत जेवढी उष्णता होते तिच्यापैकी ९० टक्के उष्णता हळू चालतानाही होत होती. ११ किलोवॅटच्या मोटारीत ही तारेतली आणि रोटरमधली उष्णता अंदाजे हजार वॅटच्या आसपास धरावी. मोटारीच्या पोटात एक विजेची शेगडी दहा तास पेटलेली आहे असे समजा.

आता ही उष्णता बाहेर काढतो कोण? मोटारीच्या मागच्या बाजूला झाकणाआड जो पंखा असतो तो. तो मोटारीच्याच शाफ्टवर बसलेला असतो आणि अंगावरच्या कंगोऱ्यांमधून वारा पुढे ढकलतो. मोटार १४५० फेऱ्यांवर असते तेव्हा तोही १४५० वर असतो. मोटार ४३५ वर आली की तोही ४३५ वर येतो, आणि वारा उरतो तो ३० टक्के. शेगडी ९० टक्के आणि वारा ३० टक्के. अण्णांच्या मोटारीचे सगळे दुखणे या दोन आकड्यांत आहे.

५० हर्ट्झला ती चार वर्षे टिकली, कारण तेव्हा वाराही पूर्ण होता. शिजायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवशी काहीच जाणवले नाही. वाइंडिंगचे तापमान मर्यादेच्या वर दर १० अंश गेले की इन्सुलेशनचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा मोटारवाल्यांचा जुना हिशेब आहे. मर्यादेपेक्षा बरेच वर गेल्यावर वर्षांचे आयुष्य दिवसांवर येते.

मग पंपाचे काय?

येथे काही सभासदांच्या मनात येईल की आमच्या विहिरीवरच्या किंवा लिफ्टच्या सेंट्रिफ्युगल पंपावरही इन्व्हर्टर आहे, मग त्यालाही ब्लोअर हवा का? नको. सेंट्रिफ्युगल पंपाची ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे उतरते. वेग निम्मा केला तर ओढ चौथ्या हिश्श्यावर येते. वारा कमी झाला तरी शेगडीही त्याहून जास्त मंद झालेली असते. शिवाय पाणी उंचावर चढवायचे असेल तर ठरावीक वेगाखाली पंप पाणीच टाकत नाही, त्यामुळे तो फार हळू कोणी चालवत नाही. पाणबुडी मोटार तर पाण्यानेच थंड होते, तिची गोष्ट निराळी. तेव्हा “इन्व्हर्टर आहे म्हणून ब्लोअर घ्या” असे कोणी सांगितले तर आधी विचारावे, की माझा भार कोणत्या जातीचा? ओढ स्थिर, वेग कमी आणि वेळ लांब, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच वेगळ्या पंख्याची गरज पडते. दिवसातून पाच-दहा मिनिटे हळू चालवले तर मोटारीचे लोखंड तेवढी उष्णता पचवते.

किती हळू म्हणजे हळू? प्रत्येक उत्पादकाचा तक्ता वेगळा असतो आणि तो मागून घ्यावा. पण स्वतःच्याच पंख्यावर चालणाऱ्या मोटारीकडून साधारण २५ ते ३० हर्ट्झच्या खाली पूर्ण ओढ सतत घेऊ नये, असे समजून चालावे.

उपाय दोन होते

पहिला उपाय विजेचा नव्हे, पुलीचा. फोरमनसाहेब अण्णांना म्हणाले, “अण्णा, चरक आता कायमच हळू चालवायचा असला तर ब्लोअरचा खर्च करू नका. मोटारीची पुली निम्म्या मापाची घाला.” पुली निम्मी केली की चरकाचा तोच वेग मिळवायला मोटार १५ ऐवजी ३० हर्ट्झवर फिरवावी लागते. पंख्याचा वारा दुप्पट होतो आणि मोटारीवरची ओढ निम्मी होते. करंट २० वरून बारा-तेरा अँपिअरवर यावा. अगदी निम्मा तो होत नाही, कारण काही करंट मोटारीला स्वतःचे चुंबकत्व टिकवायला लागतोच. एकच पाहायचे, की पुली फार लहान होऊन पट्टा घसरू नये. तशी भीती असेल तर मोटारीची पुली तशीच ठेवून चरकाकडची मोठी करावी.

पण यात चरकाचा जास्तीत जास्त वेगही निम्म्यावर येतो. अण्णांना काहील दुरुस्त होऊन आल्यावर पुन्हा पूर्ण वेग हवा होता. काही दिवस १५ हर्ट्झ, काही दिवस ५०, असा त्यांचा बेत. अशा ठिकाणी दुसरा उपाय, म्हणजे वेगळा ब्लोअर. कॅरिअरलाही तो याचसाठी आहे. मिलच्या तोंडाशी ऊस तुंबला की कॅरिअर हळू करावा लागतो, मोकळे झाले की जोरात.

ब्लोअर बसवताना मोटारीच्या शाफ्टवरचा जुना पंखा काढून टाकतात आणि मागच्या झाकणाच्या जागी लांब झाकण बसवतात. त्यात छोट्या मोटारीवरचा स्वतंत्र पंखा असतो. एवढ्या मोटारीला एक-दोनशे वॅटचा पुरतो. मोटारीच्या पाटीवर थंड करण्याची पद्धत लिहिलेली असते. स्वतःच्या पंख्याची असेल तर आय.सी. ४११, वेगळ्या ब्लोअरची असेल तर आय.सी. ४१६. नवी मोटार घेताना हा आकडा पाहून घ्यावा. जुन्या मोटारीला बसवायचा असेल तर तिच्या फ्रेमचे माप सांगून जुळता संच मागावा.

चूक कोठे होते

ब्लोअर बसवला म्हणजे काम झाले असे नाही. अण्णांच्या इलेक्ट्रिशियनने पहिल्याच दिवशी ब्लोअरच्या तारा मोटारीच्याच टर्मिनल पेटीत, यू-व्ही-डब्ल्यूवर जोडल्या. जवळच्या जवळ जोडणी झाली, असे त्याला वाटले. पण तेथे इन्व्हर्टरची वीज येते. मोटार १५ हर्ट्झवर गेली की ब्लोअरही १५ हर्ट्झवर. पैसे खर्चून पुन्हा तेच दुखणे. ब्लोअरची वीज नेहमी इन्व्हर्टरच्या अलीकडून, थेट लाइनवरून घ्यावी, म्हणजे तो सदैव पूर्ण वेगाने फिरतो. त्याला त्याच्या मापाचा वेगळा स्टार्टर आणि ओव्हरलोड लावावा.

दुसरे, ब्लोअर बंद असेल तर चरक सुरूच होऊ नये अशी जोडणी हवी. ब्लोअरच्या कॉन्टॅक्टरचा आणि ओव्हरलोडचा एक-एक संपर्क इन्व्हर्टरच्या सुरू करण्याच्या सर्किटमध्ये घालतात. ब्लोअर पडला की चरक थांबतो. दिवसाचे काम संपल्यावर चरक बंद केला तरी ब्लोअर आणखी पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा, म्हणजे पोटातली उष्णता निघून जाते.

तिसरे म्हणजे थर्मिस्टर. वाइंडिंग करतानाच प्रत्येक फेजच्या कॉइलीत डाळीच्या दाण्याएवढा एक, असे तीन थर्मिस्टर घालून घ्यावेत. एफ वर्गाच्या इन्सुलेशनला साधारण १५० अंशांचे घालतात. कॉइल तेवढी तापली की त्यांचा विरोध एकदम वाढतो आणि इन्व्हर्टर मोटार थांबवतो. इन्व्हर्टरमध्ये स्वतःचे ओव्हरलोड संरक्षण असते, पण ते करंट पाहून अंदाज बांधते. त्यात ‘वेगळा पंखा असलेली मोटार’ अशी निवड केलेली असेल आणि प्रत्यक्षात वारा बंद असेल, तर त्याला ते कळत नाही. कॉइल खरोखर किती तापली हे थर्मिस्टरलाच कळते. एक खबरदारी घ्यावी. या थर्मिस्टरच्या तारांवर मेगर कधीही लावू नये, ते जागीच मरतात.

हाताने अंग चाचपून मोटारीची परीक्षा करण्याची सवय आपल्याकडे आहे. ती फसवी आहे. पूर्ण भाराच्या निरोगी मोटारीच्या अंगावरही हात टेकवत नाही.

लाइनमनने फेज बदलल्या त्या दिवशी

यानंतर महिनाभर सगळे सुरळीत चालले. मग एके दिवशी अण्णांचा सकाळीच फोन आला. “साहेब, चरक तासातासाला बंद पडतोय. पडद्यावर मोटार तापल्याचं दावतोय. ब्लोअर तर भनाभना फिरतोय की!”

फोरमनसाहेबांनी फोनवरच दोन प्रश्न विचारले. पहिला, काल डी.पी.वर काही काम झाले का? झाले होते, ट्रान्सफॉर्मर बदलला होता. दुसरा, वहीचे पान मोटारीच्या मागच्या जाळीजवळ धरा, ते जाळीला चिकटते का दूर उडते? अण्णा पाहून आले. दूर उडत होते.

म्हणजे ब्लोअर उलटा फिरत होता. नवीन ट्रान्सफॉर्मरवर दोन फेज अदलाबदल झाल्या होत्या. चरक मात्र सुलटाच फिरत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. याचे कारण असे, की इन्व्हर्टर आलेल्या विजेची आधी डी.सी. करतो आणि नंतर स्वतःच्या तीन फेज नव्याने तयार करतो. लाइनच्या फेजचा क्रम बदलला तरी मोटारीला पत्ता लागत नाही. ब्लोअर थेट लाइनवर असतो, त्याला मात्र लागतो. उलटा फिरणारा पंखा कंगोऱ्यांवर वारा ढकलायचे सोडून जाळीतून बाहेर फेकतो, आणि तोही दुबळा. आवाज तोच, कॉन्टॅक्टर आत, ओव्हरलोड शांत. आपण केलेल्या जोडणीच्या दृष्टीने सगळे ठीक होते. मोटार वाचली ती केवळ थर्मिस्टरमुळे.

ब्लोअरच्या दोन तारा अदलाबदल केल्या, काम दहा मिनिटांत झाले. पुढे अण्णांनी ब्लोअरच्या स्टार्टरला फेजचा क्रम पाहणारा रिले लावून घेतला. लहान ब्लोअर सिंगल फेजचा, कपॅसिटरवाला घेतला तर हा प्रश्नच येत नाही. काही नसले तरी कागदाची परीक्षा फुकट आहे. मागून वारा ओढणाऱ्या पंख्याच्या जाळीला कागद चिकटला पाहिजे, आणि मोटारीच्या शाफ्टकडच्या टोकाला हात धरला तर कंगोऱ्यांवरून येणारा वारा लागला पाहिजे. डी.पी.वर, खांबावर किंवा मीटरपेटीत काहीही काम झाले की ही परीक्षा आधी, चरक नंतर.

गुऱ्हाळावर आणखी एक शत्रू आहे, चिपाडाचा भुसा. तो रसाच्या तुषारांनी ओला होऊन जाळीवर आणि कंगोऱ्यांत थापला जातो आणि वाळला की गोधडीसारखा बसतो. मग ब्लोअर कितीही फिरो, वाऱ्याला वाटच राहत नाही. आठवड्यातून एकदा, मेन स्विच बंद करून, ब्रशने ही वाट मोकळी करावी. ब्लोअरच्या मागे भिंत किंवा चिपाडाचा ढीग टेकू देऊ नये आणि चुलवाणाची झळ त्याच्या तोंडात जाऊ देऊ नये. गरम हवा ओढून मोटार थंड होत नाही.

शेवटी ब्लोअरची मर्यादाही सांगितली पाहिजे. ब्लोअर मोटारीला बळ देत नाही. तो फक्त तिच्या पाटीवरची ओढ कमी वेगातही सोसवते. पडद्यावर २१ च्या जागी २५ अँपिअर दिसत असतील तर लाटा जास्त आवळल्या आहेत किंवा मोळी जाड पडते आहे. त्यावर ब्लोअर हा उपाय नाही. तसेच इन्व्हर्टरमध्ये कमी वेगाला जादा व्होल्टेज देण्याची जी सोय असते, ती गरजेपेक्षा वाढवून ठेवली तर मोकळी फिरतानाही मोटार तापते. चरकात ऊस नसताना हळू वेगाला करंट फार दिसला तर प्रथम ती सेटिंग तपासून घ्यावी.

अण्णांचा वाळलेला ऊस त्या वर्षी वजनात बसला नाही, ते नुकसान त्यांचे झालेच. पुढच्या वेळी गव्हाणीजवळ त्यांनी मला कॅरिअरच्या मोटारीजवळ नेले, खिशातून एक पावती काढली आणि मागच्या जाळीजवळ धरली. पावती जाळीला जाऊन चिकटली. “तुमचा सुलटा हाय,” ते म्हणाले.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी